फ्रीझच्या अर्जातली तारीख

रविवारी अक्काचं घर जरा उशिरा जागं होई. म्हणजे काय, तर चहाचं आधण पाचऐवजी सात वाजता चढे. त्या दिवशीही ते चढलं होतं. अक्काचे यजमान डोक्यावर ढकललेला चष्मा साऱ्या घरभर शोधत होते. अक्का शिवणयंत्रापाशी बसून कुणाच्यातरी पॅंटची कंबर उसवत होती. कपडे दुरुस्तीचं काम ती गेली पंचवीस वर्षं घरूनच करी. लोक जाड झाले की कंबरा उसवायच्या आणि बारीक झाले की टिपा मारायच्या. "माणसं काही बारीक होत नाहीत हो," ती म्हणे, "नुसती ठरवतात. माझा धंदा ठरवण्यावरच चालतो."

तेवढ्यात दारावर थाप पडली. तळहाताची, लागोपाठ दोनदा.

दाराला चांगली बेल होती. ती सोडून थाप मारणारं माणूस साऱ्या जगात एकच होतं, आणि ते माणूस रविवारी येत नसे. रोज सकाळी भेटणारं माणूस रविवारी कशाला येईल?

"मेहुणीबाई दिसतात," यजमान म्हणाले. "चष्मा नसला तरी कान शाबूत आहेत माझे."

"भावोजी, तो डोक्यावर आहे," आत येता येताच धाकटी म्हणाली. नेहमीसारखी हसली मात्र नाही. तिच्या हातात पिशवी नव्हती, डबा नव्हता. होती ती फक्त योगा केंद्राची पावती, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. अक्कानं ती पाहिली आणि उसवायची सुई तिथंच कापडात खोचून ठेवली.

आता ही पावती कसली, ते सांगायला हवं. त्यासाठी आधी अक्का कोण, ते सांगायला हवं.

अक्का ताकही फुंकून पिणारी बाई. कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मोजायचं, हा तिचा धंद्याचा नियम. तो तिनं धंद्याबाहेरही लावला होता. कुठलाही छापील कागद समोर आला की ती तो मागच्या बाजूनं वाचायला सुरुवात करी. "पुढं ते काय देणार ते असतं, मागं आपण काय देणार ते," असं तिचं म्हणणं. त्यामुळे इमारतीत कुणी जिमला नाव घालायचं ठरवलं की आधी तो कागद अक्काच्या दारी येई. वरच्या मजल्यावरची बँकेतली बाई, दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रं तपासणारी, तीसुद्धा एकदा आली होती. "अक्का, आजच्या दिवस प्रवेश फी माफ आहे म्हणतात. घालू का नाव?"

अक्कानं कागद उलटा केला. तिचे प्रश्न ठरलेले असत: आत जायला किती, आत किती दिवस, मध्ये थांबलं तर काय, आणि बाहेर पडलं तर काय. बँकवालीच्या त्या जिममध्ये आत जायला फुकट होतं. पण मुदत सरसकट वर्षाची, मध्ये थांबायची सोय नाही, आणि बाहेर पडलं तर दमडी परत नाही. "माफ कसली?" अक्का म्हणाली. "ती वर्षाच्या फीत घोळून दिलीय तुला. आणि आजच का माफ, उद्या का नाही? घाईनं विकलेला माल घरी नेऊन उलगडावा लागतो बाई. आधी दुसऱ्या जिममध्ये एक महिन्याचं घे. शितावरून भाताची परीक्षा. महिनाभर गेलीस तर तीन महिन्यांचं घे. आणि तू गुडघेदुखीवाली, मध्ये थांबायची सोय नसलेल्या जागी पायच ठेवू नकोस."

बँकवालीनं महिन्याचं घेतलं, अकरा दिवस गेली आणि सोडलं. तेव्हापासून ती अक्काला नमस्कार करूनच जिना चढे.

अशी ही अक्का. तिनं स्वतः जेव्हा नाव घातलं, तेव्हा मात्र इमारतभर आश्चर्य झालं.

त्याचं मूळ फार मागचं. अक्काचं लग्न झालं तेव्हा धाकटी बारा वर्षांची होती. तोवर दोघी एका अंथरुणावर झोपत. निघायच्या दिवशी धाकटी रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "मग आता भिंतीकडच्या बाजूला मी झोपू का?" अक्काला ते वाक्य कधीच विसरता आलं नाही. पुढं धाकटी वाढली, शिकली, तिचं लग्न झालं, मुलगा झाला. हे सगळं अक्कानं पाहिलं, पण पाहुणीसारखं, दोन-दोन दिवसांच्या तुकड्यांत. एकाच शहरात असूनही एक या टोकाला आणि एक त्या. आई गेल्यावर तर भेटायला निमित्तही उरलं नाही. कुणाचं लग्न नाहीतर कुणाचं ऑपरेशन. दवाखान्याच्या बाकावर बसून दोघी हळू आवाजात बोलत आणि मग अक्का म्हणे, "चल, माझी बस आली."

अक्काला दुसरं काही नको होतं. रोजचा एक तास हवा होता तिला, बहिणीच्या शेजारी, काही कारण नसताना.

गुडघ्यांसाठी योगासनं करा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिला ते कारण मिळालं. तिनं धाकटीला फोन केला. "तुझी कंबर दुखते ना?"

"नाही गं."

"दुखेल. वय झालं की दुखते. आपण मध्यावर कुठंतरी एक क्लास लावू."

मध्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर योगा केंद्र होतं. अक्काला सहा थांबे, धाकटीला सात. काउंटरवरच्या बाईनं तीन प्लॅन समोर ठेवले. महिन्याच्या प्लॅनला प्रवेश फी नव्हती, केव्हाही बंद करावा. तिमाहीला फी थोडी कमी आणि पंधरा दिवस फ्रीझ, म्हणजे कळवून थांबलं तर तेवढे दिवस पुढं वाढवून मिळत. तिसरा वार्षिक जोडीचा. त्यात प्रत्येकी एका महिन्याच्या फीइतकी प्रवेश फी, ती कधीच परत नाही. दोघींची मिळून वर्षाची फी अठरा महिन्यांच्या फीइतकी, म्हणजे एकीला बारा महिने नऊ महिन्यांच्या भावात. फ्रीझ वर्षाला साठ दिवस, पण जोडीचा असल्यामुळे एक थांबली की दुसरीही थांबणार. बाहेर पडायचं तर सुरुवातीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. वापरलेले महिने साध्या महिन्याच्या दरानं कापून उरलेलं परत. सहा महिन्यांनंतर शून्य.

दुसऱ्या कुणी हा कागद आणला असता तर अक्कानं तो चिमटीत धरून परत केला असता. त्या दिवशी तिनं तो मागून पुढं, पुढून मागं वाचला आणि म्हणाली, "जोडीचा द्या."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. "अगं, एकदम वर्षाचा?"

"स्वस्त पडतो."

खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, यजमानांनाही नाही. धाकटीचा स्वभाव धरसोडीचा. भरतकाम, पेटी, चित्रकला, सगळं दीड महिन्यात कोनाड्यात. महिन्याचा प्लॅन घेतला असता तर धाकटी महिन्यानं निघून गेली असती. म्हणून जन्मात पहिल्यांदा अक्कानं सहज बाहेर पडता येणार नाही असा प्लॅन निवडला. लोक दार रुंद आहे का बघतात. तिनं कडी घट्ट आहे का ते पाहिलं.

कडी घट्ट निघाली. जवळजवळ सहा महिने धाकटीनं एक दिवस चुकवला नाही. सव्वासहाला दोघी शेजारी शेजारी चटया घालत. अक्काचा गुडघा वाकायला नाही म्हणे आणि धाकटी कानात कुजबुजे, "त्याची पॅंट उसव म्हणजे वाकेल." मग दोघी हसत आणि योगाच्या मॅडम "शांतता" म्हणत. शेवटी शवासन. डोळे मिटून पडलं की शेजारून धाकटीच्या श्वासाचा आवाज येई. झोपेत लहान मूल घेतं तसा, मध्येच एक मोठा. चाळीस वर्षांत तो बदलला नव्हता. अक्का त्या पाच मिनिटांसाठी सहा थांबे येत होती, हे तिचं तिलाच उशिरा कळलं.

आणि आता रविवारी सकाळी ती पावती चहाच्या कपांमध्ये टेबलावर पडली होती.

"मागची बाजू वाच," धाकटी म्हणाली.

"मला पाठ आहे."

"मग उद्या सहा महिने पूर्ण होतात, हे पण माहीत असेल. अर्जाचा शेवटचा दिवस उद्या."

"तुला कुठं अर्ज करायचाय?" अक्कानं विचारलं.

धाकटीनं एका दमात सांगून टाकलं, दुखरा दात काढावा तसं. मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवासाची. सूनही नोकरीची. नातू चार महिन्यांचा. त्याला सांभाळायला धाकटी आणि तिचे यजमान दोघंही चालले होते. घर भाड्यानं दिलं होतं. निघायचं गुरुवारी.

"कधी ठरलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे माझ्या शेजारी चटई घालतेस आणि बोलली नाहीस?"

"रोज ठरवायची आज सांगायचं. मग शवासन यायचं."

यजमानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, दोघींकडे पाहिलं, आपला कप उचलला आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले. काही नवरे अशा वेळी शहाणे असतात.

"किती दिवसांसाठी?" अक्कानं विचारलं.

"मूल शाळेत जाईपर्यंत तरी."

"मग तेवढ्यासाठी अर्ज कशाला? आपण फ्रीझ करू. साठ दिवस. दोन महिन्यांत काय काय बदलतं. सुनेचं काम सुटेल, पाळणाघर मिळेल..."

"अक्का."

"नाव राहील म्हणते मी. बाकी काही नाही."

"उद्या काउंटरवर बघू," धाकटी म्हणाली. मग तिनं ती अर्धी उसवलेली पॅंट पाहिली, सुई काढून घेतली आणि न विचारता उरलेली कंबर उसवून दिली.

सोमवारी दोघी सव्वासहाला पोचल्या, नेहमीच्या जागी चटया घातल्या. त्या दिवशी कुणी कुजबुजलं नाही. मॅडमना एकदाही "शांतता" म्हणावं लागलं नाही.

क्लास सुटल्यावर दोघी काउंटरपाशी गेल्या. तिथली बाई तिशीची, बोलायला मोकळी. सगळं ऐकून तिलाही वाईट वाटलं. "काकू, बंद कशाला करता? फ्रीझ घ्या की. हा अर्ज. नाव, प्लॅन, कधीपासून, आणि इथं परत कधी येणार ती तारीख."

"'जमेल तेव्हा' असं लिहिलं तर?" अक्कानं विचारलं.

"तारीख लागतेच हो काकू. ती टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही. साठ दिवसांच्या आतली कुठलीही."

अक्कानं अर्ज धाकटीपुढे सरकवला. "लिही."

धाकटीनं पेन घेतलं. नाव लिहिलं. प्लॅन लिहिला. गुरुवारची तारीख लिहिली. मग पेन त्या रिकाम्या चौकोनावर थांबलं. बराच वेळ थांबलं. मागे कुणीतरी पाण्याची बाटली भरत होतं.

"कुठलीही लिही गं," अक्का म्हणाली.

"बँकवालीला कुठलीही लिहू दिली असतीस?"

अक्कानं अर्जाची वळलेली कड बोटानं सरळ केली.

धाकटीनं काउंटरवरच्या बाईला विचारलं, "फ्रीझचे साठ दिवस धरून सहा महिन्यांची मुदत पुढं जाते का?"

"प्लॅनची जाते. परताव्याच्या अर्जाची नाही. ती पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे आज फ्रीझ घेतलं आणि नंतर बंद करायचं म्हटलं तर काही मिळणार नाही."

"हे तुला माहीत होतं," धाकटी अक्काला म्हणाली.

"माहीत होतं."

"आणि जोडीचं फ्रीझ म्हणजे दोन महिने तूही घरी."

"असेन. माझं माझं मी बघेन."

"अगं, पण का?"

अक्कानं काउंटरच्या काचेवर बोट फिरवलं, टीप घालावी तसं, सरळ रेषेत. "हा प्लॅन मी स्वस्त म्हणून घेतला नव्हता. तू मध्येच सोडू नयेस म्हणून घेतला होता. बाहेर पडायला सगळ्यात अवघड हाच होता."

एवढं बोलायला तिला सहा महिने लागले होते. तिला वाटलं धाकटी चिडेल.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," धाकटी म्हणाली. "तू आणि वर्षाचा प्लॅन? लहान मुलाला कळलं असतं. म्हणूनच तर सही केली मी."

काउंटरवरची बाई उगाच कॉम्प्युटरमध्ये बघत राहिली.

"अक्का, मला परताव्याचं काही पडलेलं नाही," धाकटी हळूच म्हणाली. "पण नाव राहिलं तर तू घरी बसून दिवस मोजशील. साठ दिवस मोजशील, मग इथं येऊन रोज माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवशील. मी तिकडं बाळाला अंघोळ घालत असेन आणि मला दिसत राहील, तू पिशवी ठेवून जागा अडवतेयस. मला जायला जमणार नाही गं तसं. मी येईन तेव्हा येईन. पण मला ती तारीख लिहायला लावू नकोस."

रिकामा चौकोन तसाच होता. अक्कानं आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं की न भरलेल्या जागेवर सही करू नये. तिनं फ्रीझचा अर्ज उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. "बंद करायचा अर्ज द्या," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण जरा आतून आल्यासारखा.

बाईनं अर्ज काढला आणि काम हातात आल्यासारखी भराभर बोलू लागली. "तीन रस्ते आहेत काकू. दोघी बंद केलंत तर अठरातून बारा वजा, सहा महिन्यांची फी परत. दुसरं, यांच्या जागी एकदा नाव बदलून मिळतं. नवीन बाईनं प्रवेश फी भरायची, जोडी तशीच चालू, तुमचं काहीच जात नाही. तिसरं, ह्यांचं एकटीचं बंद. मग जोडी मोडते, तुमचा प्लॅन एकटीच्या वार्षिक दरावर जातो, तो दहा महिन्यांच्या फीचा. ह्यांचे वापरलेले सहा, तुमचे दहा, अठरातून सोळा गेले. दोन महिन्यांची फी परत. प्रवेश फी नाही. खरं सांगू? नाव बदला. फायद्याचं तेच."

"वरच्या बँकवालीला विचार," धाकटी म्हणाली. "येईल ती. तुझं ऐकते."

अक्कानं हिशेब ऐकला होता आणि तिला तो बाईच्या आधी झाला होता. बँकवाली आली असती. अकरा दिवस का होईना, आली असती. पण शेजारी डोळे मिटून पडायचं आणि श्वास दुसऱ्याच कुणाचा ऐकायचा. त्याचं माप अक्काकडे नव्हतं.

"हिचं एकटीचं बंद करा," ती म्हणाली. "माझं चालू ठेवा. गुडघा माझा आहे, तो कुठं जात नाही."

"दोन महिन्यांची फी!" धाकटी हसली, तिचे डोळे मात्र भरले होते. "एवढ्यासाठी काल पहिल्या बसनं आले होय मी? भाड्यातच निम्मी गेली."

"सही नीट कर. पावतीवर होती तशीच."

धाकटीनं सही केली. बाईनं शिक्का मारला, एक प्रत दिली, पंधरा दिवसांत खात्यात जमा होईल म्हणून सांगितलं. अक्कानं प्रत उलटी करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

जिना उतरून दोघी रस्त्यावर आल्या. चष्म्याच्या दुकानाचं शटर अजून बंद होतं. दोघींचे थांबे समोरासमोर, मध्ये रस्ता. आधी धाकटीची बस आली. "गुरुवारी स्टेशनवर येऊ नकोस," ती म्हणाली. "तिथं मला रडायला वेळ नसेल. सामान फार आहे."

"नाही येत. गाडीत खिडकीकडची बाजू घे," अक्का म्हणाली.

धाकटीनं मान हलवली, पायरी चढली, आणि बस वळणापाशी जाईपर्यंत मागच्या काचेतून दिसत राहिली. वळणानंतर दिसली नाही.

अक्का रस्ता ओलांडून आपल्या थांब्यावर गेली, तिचीही बस आली. तिनं ती जाऊ दिली. जरा वेळ ती थांब्यावर उभी राहिली, दोन्ही हातांनी पर्स धरून. मग रस्ता ओलांडून परत केंद्राकडे आली, दुखऱ्या गुडघ्यानं दोन मजले पुन्हा चढली आणि काउंटरपाशी उभी राहिली. बाई पुढच्या बॅचची हजेरी मांडत होती. तिला वाटलं अक्काचं काही राहिलं.

"काय काकू, विसरलात का काही?"

"नाही," अक्का म्हणाली. "वर्षातून एकदा बॅच बदलून मिळते, असं नियमात आहे. मला सकाळची नको. संध्याकाळची द्या."